दोन प्रश्न, पन्नास टक्के

२००४ साली अमेरिकेत, हार्वर्डमध्ये शिकलेल्या चार मित्रांनी ‘ओकेक्युपिड’ नावाची डेटिंगची वेबसाइट सुरू केली. सभासदांनी तिथे प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि त्यावरून दोन माणसं एकमेकांना कितपत जुळतात याचा टक्का साइटने काढायचा, अशी तिची पद्धत होती. या हिशेबात एक नियम होता. समजा, एका मुलीने आणि एका मुलाने तेच दोन प्रश्न सोडवले आणि दोन्हींत त्यांचं पुरतं एकमत झालं. तरीही साइट त्यांना शंभर टक्के दाखवत नसे. पन्नास दाखवत असे.

कारण साधं होतं. दोन प्रश्नांवरून माणूस कळत नाही, हे साइट चालवणाऱ्यांना ठाऊक होतं, आणि आपल्याला किती कमी माहिती आहे हे त्यांनी थेट आकड्यातच उतरवलं होतं.

नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कोणाचे चेहरे दाखवायचे, हा प्रत्येक डेटिंग ॲपपुढचा प्रश्न आहे. संगणकाच्या धंद्यात त्याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. थंडीच्या सकाळी गारठलेली स्कूटर एका किकमध्ये चालू होत नाही, तसंच हे. महिनाभर वापरणाऱ्या माणसाने शेकडो चेहऱ्यांना हो-नाही म्हटलेलं असतं, त्यावरून त्याची आवड पुष्कळशी उमगते. नव्या माणसाने अजून काहीच म्हटलेलं नसतं. आणि ॲपच नवं असेल तर दुखणं दुहेरी होतं, कारण मग जुन्या सभासदांबद्दलही फारसं कळलेलं नसतं. अशा ॲपवर पहिल्या संध्याकाळी दाखवलेल्या दहा-वीस चेहऱ्यांवर बरंच काही ठरतं. त्यात काही हाती लागलं नाही, तर माणूस दुसऱ्या दिवशी परत येत नाही. तो गेला की पुढच्या नव्या माणसाला दाखवायला एक चेहरा कमी होतो.

चार हजारांतले सहा

आधी आपल्या ओळखीच्या एका शहरात हिशेब मांडून पाहू. आकडे मी उदाहरणापुरते धरले आहेत, पण त्यांची उतरंड लक्षात घेण्यासारखी आहे.

समजा, नाशिकमध्ये एक नवं ॲप आलंय आणि त्यावर चार हजार जणांनी नोंदणी केली आहे. ऐकायला हा आकडा चांगला वाटतो. पण नोंदणी करून विसरलेले खूप असतात. गेल्या आठवड्यात ज्यांनी एकदा तरी ॲप उघडलं, असे एक हजारच धरू. अशा ॲपवर मुलगे जास्त आणि मुली कमी असतात, म्हणून त्यातले साडेसातशे मुलगे आणि अडीचशे मुली. आता सत्तावीस वर्षांची एक मुलगी आज नव्याने आली. तिला सव्वीस ते बत्तीस वयाचा मुलगा हवा आहे. साडेसातशेतले एक तृतीयांश त्या वयाचे असतील, म्हणजे अडीचशे. भेटायला सोयीचं पडेल इतक्या अंतरावर त्यांतले निम्मे, म्हणजे सव्वाशे. मग तिच्या स्वतःच्या अटी येतात: सिगारेट नको, लग्नाचा विचार असावा, बोलायला बरा असावा. या चाळणीतून चारातला एक खाली आला तर उरले एकतीस. आणि या एकतिसांपैकी ज्यांना तीही आवडेल असे पाचात एक धरले, तर हाताशी येतात सहा.

चार हजारांतून सहा. तिच्याच वयाच्या मुलाच्या बाजूने हेच गणित करा. अडीचशे मुलींपासून सुरुवात केली की वय, अंतर आणि आवड यांच्या चाळण्यांतून दहा उरतात, आणि त्या दहाजणींपैकी एखादीलाच तो पसंत पडतो.

आता हेच चार हजार सभासद पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर आणि संभाजीनगर अशा पाच शहरांत विखुरले आहेत असं समजा. मग त्या मुलीच्या वाट्याला सहाऐवजी जेमतेम एक येतो आणि मुलाच्या वाट्याला बहुतेक वेळा कोणीच नाही. इथे कितीही हुशार गणित आणून बसवलं तरी ते काय करणार? निवडायला माणसंच नाहीत. म्हणून नव्या ॲपच्या बाबतीत पहिला उपाय संगणकाच्या बाहेरचा असतो: माणसं एका ठिकाणी दाट जमवायची.

टिंडरने २०१२ मध्ये हेच केलं. संपूर्ण अमेरिकेत जाहिराती देण्याऐवजी त्यांनी एकेक कॉलेज धरलं. लॉस एंजेलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मुलामुलींसाठी एक पार्टी ठेवली आणि दारात फोनवर ॲप दाखवल्याशिवाय कोणाला आत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोरांनी ॲप उघडलं तेव्हा त्यांना तेच चेहरे दिसले, जे रात्री लांबून पाहिले होते आणि ज्यांच्याशी बोलायचं राहून गेलं होतं. टिंडरच्या सुरुवातीच्या चमूतल्या व्हिटनी वुल्फ कॉलेजांत जाताना आधी मुलींच्या वसतिसंघटनांत जायच्या, तिथल्या मुलींना ॲप घ्यायला लावायच्या आणि मग मुलांच्या संघटनेत जाऊन ‘बघा, तुमच्या ओळखीच्या मुली यात आहेत’ असं दाखवायच्या. हा क्रम महत्त्वाचा होता. कमी असलेली बाजू आधी भरायची, मग जास्त असलेली आपोआप येते.

ज्या ॲपला हे साधत नाही, ते बहुधा दोन चुका करतं. रिकामा पडदा दिसू नये म्हणून ते दूरचे, महिन्यांपूर्वी येऊन गेलेले, आता कधीच उत्तर न देणारे चेहरे भरतं. किंवा सांगितलेल्या अटी गुपचूप सैल करतं. दहा किलोमीटर म्हटलेल्या मुलीला साठ किलोमीटरवरचा मुलगा दाखवला जातो आणि तिला वाटतं, हे ॲप माझं ऐकतच नाही. यापेक्षा ‘आज तुमच्या अटींत बसणारे सहाजण आहेत, अंतर पंचवीस किलोमीटर केलंत तर आणखी नऊ दिसतील’ असं सरळ सांगितलेलं बरं. मग अट सैल करायची की नाही, हे तिचं ती ठरवते.

आवडणं दोघांचं असतं

आता सहा उमेदवार आहेत असं धरू. त्यांतला पहिला कोण दाखवायचा?

दुकानांच्या किंवा सिनेमांच्या ॲपवर नव्या माणसासाठी एक सोपी युक्ती असते. काहीच माहीत नसेल तेव्हा जे सर्वांत लोकप्रिय आहे ते दाखवायचं. सिनेमाच्या बाबतीत ती चालते, कारण लाख लोकांनी पाहिला म्हणून सिनेमा थकत नाही आणि तो कोणाला नकारही देत नाही. माणसाचं तसं नसतं. ॲपवरचा सर्वांत देखणा मुलगा प्रत्येक नव्या मुलीला पहिला दाखवला, तर त्याच्याकडे पसंतीचा ढीग साचतो. त्यातल्या बहुतेकींना तो उत्तर देत नाही, आणि पहिल्याच दिवशी हो म्हणूनही काही घडलं नाही हा अनुभव त्यांच्या पदरी पडतो.

साधा गुणाकार करू. देखणा मुलगा तिला आवडण्याची शक्यता साठ टक्के आहे. पण त्याच्यापुढे इतक्याजणी आहेत की तो तिला हो म्हणण्याची शक्यता दोनच टक्के. दोघांचं जुळण्याची शक्यता साठ टक्के गुणिले दोन टक्के, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. दुसरा मुलगा तिला आवडण्याची शक्यता पंचवीस टक्केच आहे, पण तो हो म्हणण्याची शक्यता तीस टक्के. इथे गुणाकार साडेसात टक्के येतो. जो तिला कमी आवडेल असं वाटत होतं, त्याच्याशी बोलणं सुरू होण्याची शक्यता सहापट निघाली.

नव्या माणसाला याचा फायदा आहे. तिची आवड कळलेली नसते हे खरं, पण समोरच्यांची आवड थोडीफार कळलेली असते. ते काही आठवडे ॲपवर आहेत, त्यांनी कोणाला हो म्हटलं, कोणाला उत्तर दिलं, याच्या नोंदी आहेत. म्हणजे जुळणीचा अर्धा भाग कोरा असला तरी उरलेल्या अर्ध्यावर काही लिहिलेलं असतं. सिडनी विद्यापीठातल्या लुइझ पिझातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये डेटिंगसाठी ‘रेकॉन’ नावाची पद्धत मांडली, तिचा गाभा हाच आहे. दोन्ही बाजूंच्या पसंतीचा एकत्र विचार करायचा. त्यातून नव्या माणसाची अडचणही कमी होते, कारण त्याच्यासारखी माणसं कोणाला आवडत आली आहेत हे आधीपासून माहीत असतं.

आपल्याकडच्या वधू-वर सूचक मंडळात हे पूर्वीपासून चालत आलं आहे. नवा फॉर्म घेऊन आलेली मुलगी मंडळातल्या बाईंना माहीत नसते. तिने ‘अपेक्षा’च्या रकान्यात लिहिलेलं वाक्यही बहुतेक फॉर्मांसारखंच असतं. पण जुन्या स्थळांचे होकार-नकार बाईंच्या डोक्यात पक्के असतात. ‘हे शिकलेली सून हवी म्हणतात, पण नोकरीचं गाव बदललेलं त्यांना चालत नाही, तुझा फॉर्म तिकडे पाठवण्यात अर्थ नाही’ असं त्या सहज सांगतात. नव्या मुलीबद्दल त्यांना जे कळतं, ते पुष्कळदा दुसऱ्यांच्या वहीतून कळलेलं असतं.

काय विचारायचं आणि किती विश्वास ठेवायचा

दुसऱ्या बाजूची वही काही अंतरापर्यंतच नेते. पुढे नव्या माणसाला विचारावंच लागतं, आणि इथे ओकेक्युपिडची जुनी पद्धत अजूनही शिकण्यासारखी आहे. तिथे प्रत्येक प्रश्नाला तीन गोष्टी सांगायच्या असत. आपलं उत्तर काय, समोरच्याचं कोणतं उत्तर आपल्याला चालेल, आणि हा प्रश्न आपल्यासाठी किती महत्त्वाचा. महत्त्वाला गुण ठरलेले होते: बिनमहत्त्वाचा असेल तर शून्य, थोडा महत्त्वाचा असेल तर एक, बऱ्यापैकी असेल तर दहा, खूप असेल तर पन्नास आणि त्याशिवाय जमणारच नाही असं असेल तर अडीचशे.

दोन प्रश्नांचं उदाहरण घेऊ. पहिला: सिगारेट ओढता का? दुसरा: घर टापटीप लागतं का? मुलगी सिगारेट ओढत नाही आणि समोरचाही ओढणारा नसावा, हे तिला खूप महत्त्वाचं आहे, म्हणून पन्नास गुण. घर टापटीप असावं हे तिला बऱ्यापैकी महत्त्वाचं आहे, म्हणून दहा. मुलगा सिगारेट ओढत नाही, पण घराच्या बाबतीत ढिला आहे. तिच्या साठ गुणांपैकी त्याने पन्नास मिळवले, म्हणजे त्र्याऐंशी टक्के. आता त्याच्या बाजूने पाहू. सिगारेट न ओढणारी मुलगी त्याला बऱ्यापैकी महत्त्वाची आहे, दहा गुण. घराबाबत फार काटेकोर नसलेली असावी हे थोडंसं महत्त्वाचं, एक गुण. तिने अकरापैकी दहा मिळवले, म्हणजे एक्क्याण्णव टक्के. या दोन आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की सत्त्याऐंशी टक्के येतात.

इथे गुणाकार आणि वर्गमूळ घेण्यामागे विचार आहे. साधी सरासरी घेतली तर एका बाजूचे शंभर आणि दुसऱ्या बाजूचे शून्य मिळून पन्नास होतात, आणि एकतर्फी आवडही बरी जुळणी दिसू लागते. गुणाकारात एक बाजू शून्य असेल तर सगळंच शून्य होतं.

सत्त्याऐंशी टक्के हा मात्र पडद्यावर दिसणारा आकडा नव्हता. त्यातून चुकीची शक्यता वजा व्हायची, आणि ती काढण्याचा नियम होता, एक भागिले दोघांनी सोडवलेल्या सामाईक प्रश्नांची संख्या. दोन प्रश्न असतील तर अर्धा, म्हणजे पन्नास टक्के वजा. तेव्हा आपल्या उदाहरणातल्या दोघांना दिसायचे सदतीस टक्के. तेवढंच एकमत वीस प्रश्नांवर झालं असतं तर पाचच टक्के वजा होऊन ब्याऐंशी दिसले असते, आणि पन्नास प्रश्नांवर पंच्याऐंशी. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा नियम ढोबळच आहे. पण त्याचा परिणाम नेमका होता. नवा माणूस योगायोगाने कोणाच्या यादीत सर्वांत वर जाऊन बसत नसे, आणि आकडा वाढवायचा असेल तर आणखी प्रश्न सोडवा, हे प्रत्येकाला आपोआप समजत असे.

मग प्रश्न किती आणि कोणते विचारायचे? लांबलचक फॉर्म पाहिला की माणूस मध्येच सोडून जातो. म्हणून आरंभी चार-पाच आणि मग चेहरे पाहता पाहता मधूनच एखादा, ही विभागणी सोयीची पडते. आणि प्रश्न असा हवा की त्याच्या उत्तराने लोक दोन गटांत विभागले जातील. ‘प्रामाणिक जोडीदार आवडेल का?’ याला शंभरातले नव्याण्णव जण हो म्हणतात. त्या उत्तरातून काहीच हाती लागत नाही. जिथे निम्मे हो आणि निम्मे नाही म्हणतात, तो प्रश्न सर्वाधिक सांगून जातो.

ओकेक्युपिडच्या संस्थापकांपैकी ख्रिश्चन रुडर यांनी २०११ मध्ये आपल्या साइटवर जमलेल्या जोडप्यांची उत्तरं तपासून तीन प्रश्न निवडले. भयपट आवडतात का? परदेशात कधी एकट्याने फिरलात का? सगळं सोडून शिडाच्या बोटीवर जाऊन राहायला मजा येईल का? जमलेल्या जोडप्यांपैकी ३२ टक्के जोडप्यांचं तिन्ही उत्तरांवर एकमत होतं. नुसत्या योगायोगाने जितकं व्हावं त्याच्या ३.७ पट हे प्रमाण होतं. हे वाचताना एक सावधगिरी ठेवावी लागते. ही जोडपी ज्या साइटवर भेटली, ती साइट उत्तरं जुळणाऱ्यांनाच समोरासमोर आणत होती, तेव्हा एकमताचा काही भाग तिनेच घडवलेला असणार. तरीही निरीक्षण उपयोगी आहे. धर्म, राजकारण, पैसा हे जड विषय पहिल्या दिवशी न काढताही, हलक्या प्रश्नांतून स्वभावाचा एक धागा हाती लागतो. तुम्ही धोका पत्करणारे की जपून चालणारे, एवढं तरी कळतं.

नव्या माणसाला इतरांपुढे कसं न्यायचं

आतापर्यंत आपण नव्या मुलीला कोण दाखवायचं ते पाहिलं. पण तीही कोणाच्या तरी पडद्यावर दिसायला हवी. इथे अंदाज बांधताना घाई केली तर माणसावर अन्याय होतो.

समजा, ॲपवर सरासरी प्रोफाइलला शंभरातले वीस जण पसंत करतात. एक नवा मुलगा दहाजणींना दाखवला गेला आणि एकीनेही हो म्हटलं नाही. ॲपने त्याची पसंती शून्य टक्के धरली तर तो यादीच्या तळाशी जाईल, पुन्हा कोणाला दिसणार नाही, आणि दिसलाच नाही तर तो अंदाज चुकीचा होता हे कधीच कळणार नाही. दहाजणींचा नकार हा दुर्दैवाचाही भाग असू शकतो.

यावर एक जुना, साधा उपाय आहे. प्रत्येक नव्या माणसाच्या खात्यात सुरुवातीलाच काही सरासरी अनुभव उधार जमा करायचा. जणू तो आधी वीसजणींना दाखवला गेला होता आणि चौघींनी हो म्हटलं होतं. मग दहा नकारांनंतर त्याचा हिशेब तीसपैकी चार, म्हणजे तेरा टक्के होतो, शून्य होत नाही. उलट, दुसऱ्या एका मुलाला पहिल्या तिघींनी हो म्हटलं, तर त्याचे शंभर टक्के होत नाहीत. तेवीसपैकी सात, म्हणजे तीस टक्के होतात. तो दोनशेजणींना दाखवून झाला की उधारीचा तो वीसचा आकडा आपोआप नगण्य होतो आणि त्याचा स्वतःचा अनुभव बोलू लागतो. ओकेक्युपिडने दोन प्रश्नांवर पन्नास टक्के कापले, त्यामागे जी सावधगिरी होती तीच इथे वेगळ्या रूपात आहे.

याच्या जोडीला बरीच ॲप्स नव्या माणसाला पहिले काही दिवस जास्त पुढे आणतात. त्यामागचं कारण योग्य आहे, दिसल्याशिवाय त्याच्याबद्दल काही कळणार नाही. पण ते सरसकट केलं तर दोन्ही बाजूंना त्रास होतो. मुलाला पहिल्या दिवशी दहा होकार आणि पाचव्या दिवशी एकही नाही असं होतं, आणि आपल्यातच काही कमी आहे अशी त्याची समजूत होते. नव्या मुलीचं उलटं होतं. ज्या शहरात मुलगे तिप्पट आहेत तिथे तिला सगळ्यांपुढे ठेवलं, तर तासाभरात शंभर-दोनशे होकार येऊन पडतात. त्यातून बरा कोण हे शोधणं अशक्य होतं आणि ती ॲप काढून टाकते. म्हणून तिला पुढे आणायचं ते मोजक्यांपुढे, ज्यांच्याशी गुणाकार बरा येतो अशा वीस-पंचवीस जणांपुढे. त्यांच्या उत्तरांवरून पुढचे निवडायचे. आणखी एक गोष्ट: नव्यांना पुढे आणतात हे लोकांना कळलं की काहीजण खातं बंद करून पुन्हा नवं काढतात. तोच फोन, तेच फोटो आणि नवं नाव, अशी खाती वाढू लागली तर ते याचं लक्षण असतं.

बिघडलंय हे कशावरून ओळखायचं

स्वाइप वाढले, होकार वाढले, म्हणजे सगळं बरं चाललंय असं वाटतं. पण लोकप्रिय चेहरे पुढे ढकलले तरी होकार वाढतातच. पाहायला हवं ते हे: या आठवड्यात जे नवे आले, त्यांच्यापैकी कितीजणांचं सात दिवसांत एकाशी तरी खरं बोलणं झालं? बोलणं म्हणजे एकाने ‘हाय’ पाठवलं एवढंच नव्हे. ओकेक्युपिडने आपल्या एका मोजणीत निदान चार निरोपांची देवाणघेवाण झाली तर त्याला संभाषण धरलं, ती मोजपट्टी चांगली आहे. आणि हा आकडा मुलगे, मुली, वय, शहर असा वेगवेगळा काढायला हवा. सगळ्यांची सरासरी तीस टक्के असेल, पण पस्तिशीपुढच्या बायकांमध्ये ती चारच टक्के असेल, तर त्यांच्यापुरतं ॲप अजून सुरूच झालेलं नसतं.

ही मोजणी करतानाही एक अडचण आहे, आणि ती ओकेक्युपिडनेच २०१४ मध्ये उघड केली. ज्यांची जुळणी त्यांच्या हिशेबाने फक्त ३० टक्के होती अशा काही जोड्यांना त्यांनी मुद्दाम ९० टक्के असल्याचं सांगितलं. खरा तीसचा आकडा दाखवलेल्या जोड्यांत एका निरोपाचं चार निरोपांच्या संभाषणात रूपांतर होण्याची शक्यता १० टक्के होती. खोटा नव्वद दाखवलेल्यांत ती १७ झाली. खरोखर नव्वद असून नव्वदच दाखवलेल्यांत ती २० होती. म्हणजे जुळणीचा परिणाम होता, पण ‘तुमचं जुळतं’ हे नुसतं सांगण्याचाही जवळजवळ तितकाच परिणाम होता. प्रयोगानंतर त्यांनी त्या सभासदांना खरे आकडे कळवले, तरी न विचारता प्रयोग केला म्हणून लोक रागावले, आणि तो राग रास्त होता. यातून नव्या ॲपसाठी एक गोष्ट स्पष्ट होते. मोठा टक्का दाखवून पहिल्या दिवसाचं संभाषण वाढवता येतं. पण तसं केल्यावर वाढलेलं संभाषण आपल्या निवडीमुळे आलं की आपल्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवल्यामुळे, हे आपल्यालाही कळत नाही. आणि तो विश्वास खर्च होत असतो.

गणित जिथे थांबतं

शेवटी एक मर्यादा सांगायलाच हवी. सामांता जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल या मानसशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांना काही मिनिटं भेटणाऱ्या तरुण-तरुणींकडून त्यांनी आधीच स्वभाव, मूल्यं, आवडीनिवडी अशा शंभराहून अधिक गोष्टी भरून घेतल्या होत्या. त्या माहितीवरून संगणकाला दोन गोष्टी काही प्रमाणात सांगता आल्या: कोण साधारणपणे इतरांना आवडतो, आणि कोणाला साधारणपणे बरेचजण आवडतात. पण या मुलाला खास हीच मुलगी आवडेल का, हे त्याला सांगता आलं नाही.

नव्या ॲपवरच्या पहिल्या संध्याकाळसाठी या निष्कर्षाचा अर्थ मोठा आहे. नव्या माणसाबद्दलची माहिती हळूहळू वाढेल, प्रश्न वाढतील, होकार-नकारांची वही भरेल. सुरुवातीचं अज्ञान कमी होईल, पण ज्याला आपण सूर जुळणं म्हणतो ते दोघं समोरासमोर बसेपर्यंत कोरंच राहणार आहे. ॲपच्या हातात त्याआधीचं असतं. नाशिकच्या त्या मुलीला सहाच माणसं दाखवायची, पण ती भेटण्याजोग्या अंतरावरची, या आठवड्यात ॲप उघडलेली आणि तिला उत्तर देण्याची खरी शक्यता असलेली असावीत. त्यांच्यापुढचा आकडा आपल्याला जितकं ठाऊक आहे तितकाच असावा. तिने आज दोनच प्रश्न सोडवले असतील, तर पन्नास टक्क्यांच्या वर एकही आकडा नको. बाकीचे पन्नास त्या दोघांनी भेटून ठरवायचे आहेत.